पाच अंक आले कुठून? सिझेरियननंतरच्या एका नॉन-इन्फिरिऑरिटी चाचणीचं प्रकरण

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातलं आहे. संस्था आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून चाचणीचे आकडे आणि काही तपशील बदलले आहेत. बदललेले आकडे एकमेकांशी जुळतात, त्यामुळे कुणाला गणित ताडून पाहायचं असेल तर पाहता येईल. त्या कॉलेजात मी बायोस्टॅटिस्टिक्सचं काम पाहत होतो आणि या चाचणीत मी उशिरा शिरलो. पेपर एकदा परत आला, त्यानंतर.

पार्श्वभूमी

सिझेरियन झालेल्या बाईला आपल्याकडे अनेक रुग्णालयांत पाच-सात दिवस अँटिबायोटिक देतात. शस्त्रक्रिया संपल्यावर प्रतिबंधक अँटिबायोटिक लांबवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे. तरीही वॉर्डात प्रश्न उरतो तो हा, की "आपल्या वॉर्डात, आपल्या गर्दीत, एका डोसवर भागेल का? टाके पिकले तर?"

स्त्रीरोग विभागाच्या प्रमुख मॅडमनी हा प्रश्न चाचणीने सोडवायचं ठरवलं. एका गटाला छेद देण्याआधी सेफाझोलिनचा एकच डोस. दुसऱ्या गटाला तोच डोस, त्यावर दोन दिवस शिरेतून अँटिबायोटिक आणि पुढे तीन दिवस गोळ्या. मोजायचं ते 30 दिवसांत जखमेला झालेला संसर्ग.

एक डोस पाच दिवसांच्या कोर्सपेक्षा चांगला ठरेल, असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. तो स्वस्त आहे, सुया कमी लागतात, नर्सचा वेळ वाचतो, प्रतिकारक जंतूंना वाव कमी मिळतो. एवढ्या फायद्यांसाठी संसर्ग थोडासा वाढला तरी चालेल, फार वाढायला नको. चाचणी नॉन-इन्फिरिऑरिटीची होती ती यासाठी. अशा चाचणीचं उत्तर "फरक नाही" असं नसतं. "फरक असलाच तर इतक्यापेक्षा जास्त नाही," असं ते असतं. यातलं "इतकं" म्हणजे मार्जिन.

प्रोटोकॉलमध्ये पाच दिवसांच्या गटातला संसर्ग 6% धरला होता आणि मार्जिन 5 घेतलं होतं. (इथून पुढे "अंक" म्हणजे टक्केवारीतला थेट फरक. 6% वरून 11% म्हणजे 5 अंकांची वाढ.) दोन्ही बाजूंचा 95% कॉन्फिडन्स इंटरव्हल आणि 80% पॉवर धरून प्रत्येक गटात 354 बायका लागत होत्या. गळती धरून 394 घेतल्या, म्हणजे एकूण 788. एका विभागाच्या मानाने काम मोठं होतं आणि निवासी डॉक्टरांनी ते नेटाने केलं. 30 दिवसांनंतरची माहिती मिळाली नाही अशा बायका फक्त 30 होत्या.

अडचण

पहिल्या मसुद्याचं शीर्षकच "सिझेरियनमध्ये एक डोस पाच दिवसांच्या कोर्सइतकाच प्रभावी" असं होतं. सारांशातलं शेवटचं वाक्य मूळ इंग्रजीत होतं. त्याचा आशय असा: "दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही (पी = 0.66), म्हणून एक डोस तितकाच परिणामकारक आहे."

निकाल असे होते. एका डोसच्या गटात 380 पैकी 25 जणींना संसर्ग झाला, म्हणजे 6.6%. पाच दिवसांच्या गटात 378 पैकी 22 जणींना, म्हणजे 5.8%. फरक 0.8 अंक, 95% कॉन्फिडन्स इंटरव्हल उणे 2.7 ते अधिक 4.2.

समीक्षकांच्या पत्रात दोनच मुद्दे महत्त्वाचे होते. एकाने विचारलं होतं, 5 अंकांचं मार्जिन कशावरून ठरवलं? पेपरात त्याबद्दल "तज्ज्ञांच्या मते वैद्यकीयदृष्ट्या स्वीकारार्ह" एवढे चार शब्द होते. दुसऱ्याने लिहिलं होतं, की निष्कर्ष मार्जिनवर उभा नसून पी-व्हॅल्यूवर उभा आहे. तो बदला, आणि पर-प्रोटोकॉल विश्लेषण, म्हणजे ठरलेला उपचार ठरल्याप्रमाणे मिळालेल्या बायकांपुरतं विश्लेषणही दाखवा.

दुसरा मुद्दा मला लगेच पटला. पी = 0.66 याचा अर्थ एवढाच, की फरक शून्य आहे ही कल्पना या आकड्यांनी खोडली जात नाही. साठ बायकांची चाचणी केली असती तरी पी असाच मोठा आला असता आणि तेव्हाही कुणीतरी "तितकाच परिणामकारक" लिहिलं असतं. चाचणी जितकी छोटी आणि ढिसाळ, तितकं असं वाक्य लिहिणं सोपं. नॉन-इन्फिरिऑरिटीत पाहायची ती इंटरव्हलची वरची मर्यादा, इथे 4.2. ती 5 च्या आत आहे का, एवढाच प्रश्न. ती आत होती. म्हणजे सारांशातला निष्कर्ष चुकीच्या कारणाने लिहिला होता. बरोबर कारणाने तो कितपत टिकतो, हे अजून कळायचं होतं.

पहिल्या मुद्द्याने मात्र खरी पंचाईत केली. मी मॅडमना विचारलं, "पाच आले कुठून?"

मॅडम म्हणाल्या, "अहो, त्या आधीच्या पेपरात होतं ना, तेच घेतलं."

तो पेपर काढून वाचला. त्यात 5 अंक होते खरे, पण त्यांच्याकडे संसर्गाचं मूळ प्रमाण आमच्यापेक्षा बरंच जास्त होतं. मूळ प्रमाण 15% असेल तर 5 अंक म्हणजे एक तृतीयांश वाढ. आमच्या 6% वर तेच 5 अंक जवळजवळ दुप्पट होतात. आकडा एका पेपरातून दुसऱ्यात उचलला गेला आणि त्याचा अर्थ वाटेत बदलला, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. प्रोटोकॉल मंजूर करणाऱ्या एथिक्स कमिटीच्याही नाही. त्या कमिटीवर तेव्हा माझ्याच विभागाचा माणूस होता, हेही सांगून टाकतो.

मार्जिन काढायचं कसं होतं

समीक्षकाला उत्तर देण्याआधी मी स्वतःसाठी एक हिशेब मांडला. चाचणी सुरू होण्यापूर्वी कुणी नीट बसलं असतं तर मार्जिन किती आलं असतं?

नियम सोपा आहे. आयसीएच ई10 या मार्गदर्शिकेत आणि अमेरिकेच्या एफडीएच्या 2016 च्या मार्गदर्शनात तो सापडतो. आधी पाहायचं, की तुलनेसाठी घेतलेला जुना उपचार काहीच न देण्यापेक्षा खात्रीने किती फायदा देतो. या फायद्याला एफडीए एम1 म्हणतं. मार्जिन त्याच्या पलीकडे कधीच जाऊ शकत नाही, कारण तेवढं गमावलं तर नवा उपचार आणि काहीच न देणं यात फरक उरत नाही. मग या एम1 मधलं किती गमावणं चालेल हे ठरवायचं. तो एम2. पहिला आकडा जुन्या पुराव्यातून येतो. दुसरा वैद्यकीय निर्णय असतो आणि त्याचं कारण शब्दांत लिहावं लागतं.

आमच्या सुदैवाने सिझेरियनमधल्या प्रतिबंधक अँटिबायोटिकवर 2014 चं कोक्रेन परीक्षण आहे. जखमेच्या संसर्गासाठी त्यात 82 अभ्यास आणि 14,407 बायका आहेत. अँटिबायोटिक दिल्यावर धोक्याचं गुणोत्तर 0.40, आणि 95% कॉन्फिडन्स इंटरव्हल 0.35 ते 0.46. इथे मोह होतो 0.40 घेण्याचा. घ्यायचा मात्र 0.46, म्हणजे फायद्याचा सर्वांत कंजूष अंदाज. तो उलटा केला की 2.17 मिळतात. म्हणजे अँटिबायोटिक दिलंच नाही तर संसर्ग किमान 2.17 पट होईल, असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं.

6% ची 2.17 पट म्हणजे साधारण 13%. म्हणून आमचा एम1 सुमारे 7 अंक.

आता 5 चं मार्जिन या 7 शेजारी ठेवून बघा. अँटिबायोटिकमुळे 7 अंकांचा फायदा होतो आणि त्यातले 5 गेले तरी चालतील असं आम्ही प्रोटोकॉलमध्ये लिहून बसलो होतो. उरतात 2, म्हणजे तीस टक्क्यांच्याही आत. मॅडमना हे कागदावर दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "असं कुणी विचारलं असतं तर मी कधीच हो म्हटलं नसतं."

निम्मा फायदा तरी राखायचा, असा एक संकेत हृदयरोगाच्या चाचण्यांत रूढ झाला आणि तिथून इतरत्र पसरला. तो काही दैवी नियम नाही, पण सुरुवातीला धरायला बरा. गुणोत्तराच्या पट्टीवर निम्मा फायदा राखायचा तर 2.17 चं वर्गमूळ घ्यायचं, म्हणजे 1.47. 6% ची 1.47 पट 8.8% होते आणि मार्जिन येतं 2.8 अंक. (थेट अंकांच्या पट्टीवर 7 चे निम्मे केले तर 3.5 येतात. पट्टी बदलली की आकडा बदलतो, म्हणून कोणती पट्टी हे आधी लिहून ठेवायचं. आम्ही कडक आकडा धरला.)

पण निव्वळ टक्क्यांवरून डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. मी निवासी डॉक्टरांना आकडे उलटे करून दिले. 2.8 अंक म्हणजे 36 सिझेरियनमागे एक जादा टाके पिकलेली बाई. 5 अंक म्हणजे 20 मागे एक. त्यांच्या वॉर्डात 20 सिझेरियन व्हायला फार दिवस लागत नाहीत. "वीसमागे एक म्हणजे दर आठवड्याला एक जादा ड्रेसिंग," एक जण म्हणाली, आणि मार्जिन म्हणजे काय ते तिला माझ्याआधी नेमकं कळलं असं मला वाटलं.

या हिशेबालाही मर्यादा आहेत आणि त्या आम्ही पेपरात लिहिल्या. कोक्रेनमधले बरेच अभ्यास जुने आहेत. तेव्हाची शस्त्रक्रियागृहं, जंतू आणि संसर्गाची व्याख्या आजच्यासारखी नव्हती. तेव्हाचा फायदा आजही तेवढाच आहे, हे गृहीतक आहे. सिद्ध झालेलं नाही. शिवाय त्या अभ्यासांतल्या अँटिबायोटिकच्या गटात एका डोसवालेही होते आणि अनेक डोसवालेही. आमच्या पाच दिवसांच्या कोर्सचा स्वतंत्र फायदा त्यातून हुबेहूब निघत नाही. तरीही "तज्ज्ञांच्या मते" या चार शब्दांपेक्षा हे बरं होतं, कारण यातली प्रत्येक पायरी दुसऱ्याला तपासता येते आणि चुकली असेल तर दाखवता येते.

पर-प्रोटोकॉल काढलं तेव्हा

समीक्षकाने मागितलेलं पर-प्रोटोकॉल विश्लेषण आधी कुणी केलंच नव्हतं. प्रोटोकॉलमध्ये मुख्य विश्लेषण इंटेन्शन-टू-ट्रीट आणि दुय्यम पर-प्रोटोकॉल, असं लिहिलेलं होतं. इंटेन्शन-टू-ट्रीट म्हणजे प्रत्यक्षात कोणताही उपचार मिळाला तरी बाईला वाटणीत आलेल्या गटातच मोजायचं.

केस पेपर पाहिले तर एका डोसच्या गटातल्या 41 जणींना पुढे अँटिबायोटिक दिलं गेलं होतं. काहींना ताप होता. बऱ्याच जणींच्या पेपरावर काहीच कारण नव्हतं, रात्रीच्या ड्युटीवर कुणीतरी सवयीने लिहून टाकलं होतं. म्हणजे 380 पैकी 41, जवळपास 11% बायकांना नावापुरता एक डोस आणि प्रत्यक्षात जुनाच उपचार मिळाला होता.

इथे नॉन-इन्फिरिऑरिटीचं गणित नेहमीच्या चाचणीच्या उलटं चालतं. नवा उपचार सरस आहे हे दाखवायचं असेल तर अशी सरमिसळ संशोधकाच्या विरुद्ध जाते, म्हणून तिथे इंटेन्शन-टू-ट्रीट सावध ठरतं. आमच्यासारख्या चाचणीत सरमिसळ दोन्ही गटांना एकमेकांसारखं करून टाकते आणि आम्हाला दाखवायचं होतं तेच दाखवायला मदत करते. वॉर्ड जितका बेशिस्त, तितकी चाचणी यशस्वी. पर-प्रोटोकॉलही निर्दोष नाही, कारण ताप आलेल्या बायका वगळल्या की गटांची यादृच्छिक वाटणी मोडते. म्हणून दोन्ही काढायची आणि दोन्ही एकच सांगतात का ते पाहायचं.

त्या 41 जणी वगळल्या, पाच दिवसांच्या गटात कोर्स अर्धवट सोडलेल्या 30 जणीही वगळल्या. उरल्या 339 आणि 348. संसर्ग 24 आणि 19, म्हणजे 7.1% आणि 5.5%. फरक 1.6 अंक, इंटरव्हल उणे 2.0 ते अधिक 5.2.

वरची मर्यादा 5 च्या पलीकडे गेली.

समोर असलेले पर्याय

बैठकीत चार सूचना आल्या. त्यांतल्या दोन वाईट होत्या, आणि त्या वाईट हेतूने आल्या नव्हत्या म्हणूनच लिहून ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली अशी, की नव्वद टक्क्यांचा इंटरव्हल घेऊ. नॉन-इन्फिरिऑरिटी एकाच बाजूची असते, मग 95% कशाला? 90% घेतला तर पर-प्रोटोकॉलची वरची मर्यादा 4.7 येते आणि सगळं 5 च्या आत बसतं. सूचना करणाऱ्या डॉक्टरांनी तसा एक छापील पेपरही आणला होता. असे पेपर असतात, आणि सुरुवातीपासून तसं ठरवून, नमुन्याचा आकार त्यानुसार काढून कुणी केलं असेल तर वाद घालता येतो. आमच्या प्रोटोकॉलमध्ये 95% लिहिलं होतं. निकाल पाहून इंटरव्हल आखूड करणं म्हणजे मापात पाप.

दुसरी सूचना मार्जिन 7 करण्याची. "तुमचाच एम1 सात आहे ना सर?" हे ऐकून मला माझाच कागद परत घ्यावासा वाटला. एम1 ही छपराची उंची आहे. तिथपर्यंत डोकं नेऊन उभं राहणं म्हणजे सगळा फायदा गमावला तरी चालेल असं म्हणणं. आणि मार्जिन निकालानंतर वाढवता येतच नाही, कुठल्याही कारणाने.

तिसरी सूचना मार्जिन 2.8 करून "नॉन-इन्फिरिऑरिटी सिद्ध झाली नाही" असं सरळ लिहिण्याची. ही माझी होती. ती प्रामाणिक वाटते खरी, पण तिच्यातही तीच खोट आहे. निकालानंतर मार्जिन कमी करणं हेही निकालानंतर बदलणंच. वाचकाला मग कळत नाही, की चाचणी कोणत्या प्रश्नासाठी उभारली होती.

चौथी मॅडमची. ठरलेलं 5 तसंच ठेवायचं, त्याचं समर्थन दुबळं होतं हे लिहायचं, नंतर काढलेलं 2.8 "नंतर काढलेलं" असं म्हणूनच दाखवायचं, आणि दोन्ही विश्लेषणं शेजारी मांडायची.

चौथी घेतली.

काय केलं

आधी एक गोष्ट तपासावी लागली. मार्जिन निकालाआधी ठरलं होतं याचा पुरावा काय? क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री-इंडिया, म्हणजे सीटीआरआयवर नोंदणी केलेली होती, पण त्या नोंदीत उद्देश म्हणून नुसतं "तुलना करणे" लिहिलं होतं. मार्जिन नाही, नॉन-इन्फिरिऑरिटी हा शब्दही नाही. आता नोंद दुरुस्त करावी अशी कुणाची तरी कल्पना होती. नोंदीतले बदल तारखेसकट दिसतात, त्यामुळे त्यातून काही सिद्ध झालं नसतं, उलट संशय आला असता. एथिक्स कमिटीने मंजूर केलेल्या प्रोटोकॉलच्या प्रतीवर 5 अंक, 6% आणि 354 हे तिन्ही आकडे तारखेसह होते. ती प्रत पेपरला पुरवणी म्हणून जोडली आणि नोंदणीत मार्जिन नव्हतं हे मजकुरात कबूल केलं.

पद्धतीच्या भागात मार्जिनवर एक पूर्ण परिच्छेद लिहिला. 5 अंक आधीच्या अभ्यासावरून घेतले होते. त्या अभ्यासातलं मूळ प्रमाण वेगळं होतं. कोक्रेनच्या अंदाजावरून आमच्या परिस्थितीत एम1 सुमारे 7 अंक येतो. म्हणजे 5 च्या मार्जिनमध्ये फायद्याचा तिसरा हिस्साही राखला जात नाही. निम्मा फायदा राखणारं मार्जिन 2.8 अंक असतं आणि ते निकालानंतर काढलं आहे. असा परिच्छेद लिहिताना हात अडखळतो. आपल्याच चाचणीविरुद्ध साक्ष दिल्यासारखं वाटतं.

आकृती एक काढली. आडव्या अक्षावर फरक, शून्यावर एक रेघ, 2.8 वर तुटक रेघ, 5 वर जाड रेघ, आणि दोन इंटरव्हल. मजकूर न वाचता नुसती आकृती पाहणाऱ्यालाही सगळं कळावं, एवढंच त्यामागे होतं.

निष्कर्षाचं वाक्य

यावर सर्वांत जास्त वेळ गेला. तीन बैठका, एका वाक्यासाठी.

शीर्षकातला "इतकाच प्रभावी" हा भाग लगेच काढला. नॉन-इन्फिरिऑरिटीच्या चाचणीतून समानता सिद्ध होत नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंना मार्जिन असलेली वेगळी चाचणी लागते. शीर्षकात आता उपचार, तुलना आणि "यादृच्छिक नॉन-इन्फिरिऑरिटी चाचणी" एवढंच राहिलं.

"लक्षणीय फरक नाही" हे शब्द आणि तो पी = 0.66 निष्कर्षातून काढले. तक्त्यातूनही पी काढला, कारण त्या आकड्याचा आमच्या प्रश्नाशी काही संबंध नव्हता.

मग मुख्य वाद. मला लिहायचं होतं, "नॉन-इन्फिरिऑरिटी खात्रीने दाखवता आली नाही." मॅडमचं म्हणणं, प्रोटोकॉलमध्ये मुख्य विश्लेषण इंटेन्शन-टू-ट्रीट लिहिलं आहे, त्यात निकष पूर्ण झाला आहे, मग तो झाला नाही असं लिहिणं खोटं. दोघांचंही बरोबर होतं, आणि त्यामुळेच ते वाक्य एका झटक्यात होणारं नव्हतं.

एक जण म्हणाला, मग "एक डोस कमी पडतो" असं लिहू. तेही चूक. वरची मर्यादा मार्जिनच्या पलीकडे गेली म्हणजे नवा उपचार वाईट ठरला असं नाही. तो पुरेसा चांगला आहे हे दाखवता आलं नाही, एवढंच. वाईट ठरायला संपूर्ण इंटरव्हल मार्जिनच्या पलीकडे हवा. आमचा इंटरव्हल तर शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला होता.

मी त्यांना एपीपीएसी या फिनलंडमधल्या चाचणीचं उदाहरण दिलं. साध्या अपेंडिसायटिसमध्ये शस्त्रक्रियेऐवजी अँटिबायोटिक, 2015 मध्ये छापलेली. मार्जिन 24 अंकांचं, म्हणजे भलतंच उदार. अँटिबायोटिकच्या गटात वर्षभरात 27.3% रुग्णांची शेवटी शस्त्रक्रिया झाली, म्हणजे बहुसंख्यांना ती लागली नाही. लेखकांना "बहुतेक रुग्णांना अँटिबायोटिक पुरतं" असं म्हणून थांबता आलं असतं. त्यांनी निष्कर्षात आधी लिहिलं, की ठरवलेला नॉन-इन्फिरिऑरिटीचा निकष पूर्ण झाला नाही, आणि मग बाकीचं. हा क्रम आम्ही उचलला: आधी निकषाचं काय झालं, मग त्याचा अर्थ.

शेवटी आशय असा ठरला:

"सिझेरियननंतर 30 दिवसांतल्या जखमेच्या संसर्गाबाबत, आधी ठरवलेल्या 5 अंकांच्या मार्जिनवर, इंटेन्शन-टू-ट्रीट विश्लेषणात सेफाझोलिनचा एक डोस पाच दिवसांच्या कोर्सच्या तुलनेत नॉन-इन्फिरिअर आढळला (फरक 0.8 अंक, 95% कॉन्फिडन्स इंटरव्हल उणे 2.7 ते 4.2). पर-प्रोटोकॉल विश्लेषणात हा निकष पूर्ण झाला नाही (1.6 अंक, उणे 2.0 ते 5.2). अँटिबायोटिकचा निम्मा फायदा राखणारं 2.8 अंकांचं मार्जिन, जे निकालानंतर काढलं आहे, दोन्ही विश्लेषणांत ओलांडलं गेलं. त्यामुळे एका डोसने संसर्ग वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाच्या प्रमाणात वाढत नाही, असं या चाचणीवरून ठामपणे म्हणता येत नाही."

वाक्यं लांब आहेत. पण मार्जिन, विश्लेषण, परिणामाचा मापदंड आणि इंटरव्हल यांतलं एकही काढून बघा. उरतं ते पुन्हा "तितकाच प्रभावी"च्या दिशेने घसरतं. "नॉन-इन्फिरिअर" हा शब्द मार्जिनशिवाय अपुरा आहे, रकमेशिवाय लिहिलेल्या चेकसारखा.

पुढे काय झालं

पेपर दुसऱ्या फेरीत स्वीकारला गेला. संपादकांनी एकच बदल मागितला. सारांशात जागा कमी म्हणून आम्ही पर-प्रोटोकॉलचे आकडे गाळले होते. ते परत घालायला सांगितलं आणि प्रस्तावनेतल्या दोन ओळी कापल्या.

विभागाने एका डोसची पद्धत तरीही सुरू केली, पण पेपराचा हवाला देऊन नाही. आधार जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस. सोबत 30 दिवसांचा पाठपुरावा चालू ठेवला आणि जादा अँटिबायोटिक लिहायचं तर कारण लिहिणं सक्तीचं केलं. हा निर्णय मला योग्य वाटतो. एका चाचणीच्या निष्कर्षाच्या वाक्यात जगभरचा बाकीचा पुरावा कोंबायचा नसतो. धोरण ठरवताना मात्र तो धरायचा असतो.

माझ्या मनात एक शंका अजून आहे. निष्कर्षातलं पहिलं वाक्य वाचून कुणी तिथेच थांबलं तर? सारांश तसेच वाचले जातात. पर-प्रोटोकॉलचं वाक्य आधी यायला हवं होतं का, यावर मॅडमचं आणि माझं अजून एकमत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

मार्जिनचा परिच्छेद प्रोटोकॉल लिहिण्याआधी लिहावा, पेपरासाठी नव्हे. आमच्या बाबतीत तो अर्ध्या दिवसाचा हिशेब होता. कोक्रेनचं परीक्षण तेव्हाही उपलब्ध होतं.

तो हिशेब आधी झाला असता तर दुसरं सत्यही तेव्हाच समोर आलं असतं. 2.8 अंकांच्या मार्जिनला प्रत्येक गटात 354 नाही, सुमारे 1,100 बायका लागतात. मार्जिन निम्म्याच्या आसपास आलं की नमुना तिपटीवर जातो. एका विभागाला ते झेपलं नसतं. दोन-तीन महाविद्यालयं एकत्र घ्यावी लागली असती, किंवा ही चाचणी करायचीच नाही असं ठरलं असतं. 5 अंक टिकून राहिले त्यामागे हेही एक कारण असावं, अशी मला शंका आहे: त्या आकड्याने येणारा नमुना सोयीचा होता. प्रोटोकॉल वाचताना मी आता आधी मार्जिन बघत नाही. नमुन्याचा आकार बघतो आणि तिथून उलटं विचारतो, की मार्जिनवरून हा आकार काढला की आकारावरून मार्जिन.

तिसरी गोष्ट जादा अँटिबायोटिकची. एका डोसच्या गटातल्या बाईला ताप आला आणि डॉक्टरने अँटिबायोटिक सुरू केलं, तर तिला कसं मोजायचं, हे आधी ठरवलेलं नव्हतं. वगळायचं, तसंच ठेवायचं, की "उपचार अपुरा पडला" असं धरायचं? तिसऱ्या पद्धतीने मोजलं असतं तर निकाल आणखी वेगळा आला असता. यादृच्छिक वाटणी सुरू व्हायच्या आधी हे एका ओळीत लिहिता आलं असतं. आणि रात्रीच्या ड्युटीच्या खोलीत भिंतीवर एक कागद चिकटवला असता तर त्या 41 पैकी निम्म्या तरी कमी झाल्या असत्या.